मुकादमाची चतकोर भाकरी

परवा आमच्या खानावळीच्या पेजवर माझ्या मुलीनं टाकलेली पोस्ट ज्यांनी वाचली असेल त्यांनी ती कृपया विसरून जावी.

तिनं लिहिलं होतं, "आमचा शांत, आज्ञाधारक, लाडका मुकादम झोपेतच देवाघरी गेला. इंद्रधनुष्याच्या पुलापलीकडे तो आता आनंदात बागडत असेल." सोबत त्याच्या फोटोला पांढरे पंख लावले होते. ऋतुजा, म्हणजे माझी मुलगी, पुण्यात नोकरी करते आणि तिला हे सगळं मोबाइलवर दोन मिनिटांत जमतं. तिचं रडणं खरं होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मजकुराचं काय करायचं? मुकादम शांत नव्हता. आज्ञाधारक तर बिलकूल नव्हता. पुलाचं म्हणाल तर त्याला माहीत असलेला एकच पूल आमच्या ओढ्यावरचा, आणि तो ओलांडायचा म्हटला की हा मधेच फतकल मारून बसायचा, उचलून न्यावं लागायचं. आणि झोपेत तर तो गेलाच नाही.

पोस्टखाली भराभर हात जोडलेली चित्रं आली. बेडशाची लेणी बघायला येणारी आणि आमच्याकडे जेवून जाणारी बरीच मंडळी त्याला ओळखत होती. पण काहींनी विचारलं, "काय झालं होतं?" मुकादमाचं दुखणं माहीत असलेल्या एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या कुत्र्यालाही किडनीचं निघालंय, तुम्ही काय केलंत ते सांगाल का? त्यांना ऋतुजानं लाल हृदय पाठवलं. अगं, त्या बाईला हृदय नकोय, माहिती हवीय.

शिवाय एक घरातलं कारण आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, वाडीत सध्या नको ते ऐकून घेतायत. पारावर कुणीतरी बोललं की म्हाताऱ्यानं सुई टोचायला लावून घरचं कुत्रं मारलं. तेव्हापासून आबा दुपारी खानावळीत जेवायला बसत नाहीत. ताट मागच्या पडवीत मागवतात आणि अर्धं तसंच परत येतं. मुलगी लिहिते झोपेत गेला, पारावर म्हणतात मारलं, आणि या दोन्हींच्या मध्ये म्हातारा उपाशी. म्हणून ही पोस्ट. लांब आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी हात जोडून पुढं जावं.

तो कोण होता

लेण्यांकडचा रस्ता करत होते तेव्हा खडीच्या ढिगावर एक पिल्लू बसून असायचं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. काम करणारी माणसं घाम गाळायची आणि हा वरून बघायचा. आबा म्हणाले, "ह्यो मुकादम दिसतोय." रस्ता झाला, माणसं निघून गेली, मुकादम आमच्याकडे राहिला. कुणी पाळला नाही त्याला. तोच राहिला.

त्यानं आयुष्यभर तेच काम केलं. मी भाकऱ्या थापतेय, तो बघतोय. आमचे हे मोटर दुरुस्त करतायत, तो बघतोय. भातलावणीला बांधावर बसून बायकांवर लक्ष ठेवायचा. त्याच्या नावावर चोऱ्याही होत्या: सुके बोंबील, एका पाहुण्याचा चामडी पट्टा, आणि गणपतीतले उकडीचे मोदक, ज्यांचा आळ मी नवऱ्यावर घेतला होता. चोरी उघडकीला आली की हा तोंड फिरवून डोंगराकडे बघत बसायचा. खरं तर पोस्टला फोटो लावायचा तर तोच हवा होता. पण चांगला फोटो एकही नाही. सगळ्यांत एक तर शेपूट आहे नाहीतर तो कुणाच्या तरी ताटाकडे बघतोय.

आणि आबांची भाकरी. आबा जेवायला बसले की पहिल्या भाकरीची चतकोर मोडायचे आणि डावीकडे धरायचे. मुकादम ती अलगद घ्यायचा. हे झाल्याशिवाय आबा स्वतः घास घ्यायचे नाहीत. त्यांच्या वडिलांचीही तीच रीत, राखणीच्या कुत्र्याला आधी. कुत्रं बदललं, रीत तीच. खानावळ सुरू झाल्यावरही आबांचं हे झाल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला पहिलं ताट वाढत नसे. एवढं लक्षात ठेवा, पुढं सगळी भांडणं याच भाकरीवरून आहेत.

पाणी

पहिली खूण पाण्याची होती. उन्हाळा होता, त्यामुळं तो जास्त पाणी पितोय याचं कुणाला काही वाटलं नाही. मग तो पडवीत मुतायला लागला. म्हातारा झाला, आवरत नसेल, असं आम्ही धरून चाललो. आमच्या यांनी यावर नामी उपाय काढला: पाण्याचं भांडं उचलून ठेवायचं. पाणीच नाही प्यायला तर मुतेल कशाला?

घरात कुत्रं असेल त्यांनी हे वाक्य नीट वाचा. म्हातारं कुत्रं अचानक भरपूर पाणी पिऊ लागलं आणि भरपूर मुतू लागलं तर पाणी तोडायचं नाही, डॉक्टर गाठायचा. किडनी दमली की ती लघवी घट्ट करू शकत नाही, नुसतं पाणी जात राहतं, आणि गेलेलं भरून काढायला ते बिचारं पीत राहतं. भांडं उचललं की ते आतून सुकतं. मुकादम मागच्या हौदाचं शेवाळलेलं पाणी पिऊ लागला तेव्हा मी भांडं परत खाली ठेवलं आणि यांना जे बोलायचं ते बोलले. ते इथं लिहीत नाही.

मग सकाळी पिवळा फेस ओकायला लागला. बरगड्या दिसायला लागल्या. तोंडाला एक घाण वास यायला लागला, दात किडल्याचा नव्हे, वेगळाच. शेजारचे एक भाऊ सांगून गेले की सांधे धरले असतील, माणसाची दुखण्यावरची गोळी अर्धी करून द्या. मी दिली नाही, एवढी एक अक्कल त्या वेळी सुचली. नंतर डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला, कुठली पेनकिलर दिलीत का, कारण तिनं किडनी आणखी बिघडते.

लोणावळ्याला नेलं तो दिवस

शनिवारी नेलं, हा मूर्खपणा. जुन्या हायवेवर मुंबईच्या गाड्यांची रांग. आमच्या व्हॅनमध्ये मागं मुकादम आणि आबा, पुढं आम्ही दोघं. आबांना येऊ नका सांगितलं होतं. ते आधीच जाऊन बसले होते. गाडी इंच इंच सरकतेय, बाजूच्या गाडीतली पोरं खिडकीतून मुकादमाला चिक्की दाखवतायत, हा काच चाटतोय, आणि आबा म्हणतायत, "दे की रं एक तुकडा, काय व्हतंय?" माझं डोकं तिथंच फिरलं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलणं थोडकं. त्यांनी हिरड्या बघितल्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसली नाही, तशीच उभी राहिली, म्हणजे अंगात पाणी कमी. रक्त घेतलं, लघवी घेतली, पोटाची सोनोग्राफी केली. रिपोर्ट आले तेव्हा त्यांनी खुर्ची आमच्याकडे वळवली. डॉक्टरनं खुर्ची वळवली की बातमी चांगली नसते. माझ्या आईच्या वेळीही तसंच झालं होतं.

त्या म्हणाल्या, "दोन्ही किडन्यांचं काम बरंच कमी झालंय. गेलेलं परत येत नाही. उरलेलं किती दिवस नीट चालवायचं ते आपण बघू शकतो."

यांनी विचारलं, "म्हणजे बरा नाही होणार?"

"नाही. पण त्याला बरं वाटू शकतं. त्यात फरक आहे."

मला तेव्हा त्यांचा राग आला. गोड बोलायला काय जातं, असं वाटलं. आज सांगते, तेवढं एक वाक्य धरून आम्ही उन्हाळा, पावसाळा आणि भातकापणीपर्यंत आलो. मी बाहेर येऊन व्हॅनच्या मागं उभी राहून रडले. आबांनी ते पाहिलं आणि मुकादमाला म्हणाले, "चल, तिला रडू दे." ते दोघं झाडाखाली जाऊन बसले.

खाण्याचा छळ

सुरुवातीचे काही दिवस दवाखान्यात शिरेतून सलाईन. मग घरी. मटण, मासे, हाडं बंद. मीठ बंद. मऊ भात, उकडलेला लाल भोपळा, अंड्याचा पांढरा भाग, थोडं तेल, हे सगळं डॉक्टरीणबाई सांगतील त्या मापानं. मनानं काही नाही, कारण प्रत्येक कुत्र्याचं वेगळं असतं. खाण्याआधी मळमळीची गोळी. खाण्यातच एक पूड कालवायची. रक्तात फॉस्फरस साठतो, तो ही पूड पोटातच धरून ठेवते. नंतर दिली तर उपयोग नाही, घासाबरोबरच गेली पाहिजे. आणि पाणी सतत, भांडी तीन ठिकाणी.

आता सांगा, खानावळीत हे कसं पाळायचं? दिवसभर रश्श्याचा वास. मी पाटी लावली: "कुत्रा आजारी आहे. त्याला काही खायला घालू नये." ऋतुजानं खाली इंग्रजीत लिहिलं, हवं तर तेही वाचा म्हणून. लोक काय करायचे माहीत आहे? मुकादमाला पाटीशेजारी बसवून फोटो काढायचे आणि फोटोसाठी नीट बसावा म्हणून त्याला बिस्कीट द्यायचे. एका सुशिक्षित माणसाला मी म्हटलं, "दादा, वाचलं ना?" तो म्हणाला, "हो, पण तो खूप भुकेलेला वाटला." अहो, तो जन्मल्यापासून भुकेलेलाच वाटतो. तोच त्याचा धंदा होता.

बाहेरच्यांचं सोडा. आमच्या यांच्या शर्टाच्या खिशाला बोंबलाचा वास. कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासायच्या आधी ताटं त्याच्यापुढं धरायच्या. ऋतुजा पुण्याहून येताना त्याच्यासाठी चघळायच्या कांड्या घेऊन आली आणि म्हणाली, "आई, हे हेल्दी आहे." प्रत्येकजण म्हणायचा, मी फक्त एवढंसंच देतो. पाच माणसांचं एवढंसं मिळून पहाटे माझ्या पडवीत ओकून पडायचं आणि ते पुसायला मी एकटी. एकदा सगळ्यांना ओळीनं बसवून सांगितलं, यापुढं जो देईल त्यानं पुसायचं. त्यानंतर जरा फरक पडला.

आबांचा उपास

आणि त्यात ही चतकोर भाकरी. मी आबांना सांगितलं, बंद. सगळ्यांना बंद म्हणजे तुम्हालाही बंद.

आबा म्हणाले, "मी काय इख घालतोय व्हय त्याला?"

"डॉक्टरांनी सांगितलंय आबा."

"त्यांनी मटान सांगितलंय. भाकरीचं नाव न्हाई घेतलं."

"एकाला सूट दिली की सगळे मागतील."

त्यांनी ताट पुढं सरकवलं. "त्याच्या पोटात न्हाई तर माज्या बी न्हाई."

म्हणजे आता एक आजारी आणि एक उपाशी. दुपारी गिऱ्हाइकं येऊन बसलेली, आबा हात धुऊन खांबाला टेकलेले, मुकादम त्यांच्या डाव्या हाताकडे टक लावून, आणि मी मधे झारा घेऊन. यांना म्हटलं, तुमच्या वडिलांना सांगा. हे म्हणाले, "तुझं तू बघ, मला दोघांचीही भीती वाटते." दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आबा संध्याकाळी थोडं दूध घ्यायचे आणि दुपारी मला छळायचे. त्यांची साखरेची गोळी जेवणावर अवलंबून, म्हणजे तीही काळजी माझीच.

पुढच्या तपासणीला आबा पुन्हा आधीच व्हॅनमध्ये. दवाखान्यात शिरल्या शिरल्या त्यांनी खिशातून कापडात बांधलेली चतकोर भाकरी काढली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. "बाई, ही बगा. तांदळाची हाय. बिनमिठाची हाय. आमच्या वावरातला इंद्रायणी. ह्यानं त्याचं काय बिघडतंय ते तुमी हिला सांगा, न्हाईतर मला सांगा."

डॉक्टरीणबाईंनी भाकरी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, "एवढी चालेल. भातातला तेवढा भाग कमी करा. मिठाचं, तेलाचं काही लावू नका. आणि ती पूड याच्यातच भरून द्या. घेईल ना तुमच्या हातून?"

"माज्या हातून घेनार न्हाई तर कुनाच्या?"

परतीच्या वाटेवर आबा नुसते खिडकीतून बाहेर बघत हसत होते. इतका राग आला मला. पण खरं सांगते, माझ्या हातून जी पूड तो थुंकून टाकायचा ती आबांच्या हातून भाकरीत गुंडाळून मुकाट गिळायचा. तेव्हापासून आबांचं जेवण आणि मुकादमाचं औषध एकाच वेळी व्हायला लागलं. पहिलं ताट त्यानंतर.

सलाईनचा खिळा

शिरेतलं सलाईन घरी जमत नाही, पण कातडीखाली देता येतं आणि ते कुणालाही शिकता येतं. त्या बाईंनी विचारलंय म्हणून नीट सांगते. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवायची, गार गेलं की अंगावर शहारा येतो. कुत्र्याच्या उंचीपेक्षा बरंच वर अडकवायची. आम्ही पडवीतल्या आबांच्या टोपीच्या खिळ्याला अडकवायचो, त्यावरूनही एकदा वाद झाला. खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत वर उचलायची, म्हणजे तिचा तंबू होतो, त्या तंबूत सुई सारायची. पलीकडून बाहेर यायला नको. पाणी जात राहतं तसा पाठीवर गोळा येतो. तो बघून घाबरू नका. नंतर तो ओघळून पुढच्या पायाकडे किंवा छातीखाली उतरतो आणि हळूहळू जिरतो. दर वेळी नवी सुई. किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच.

पहिल्या वेळी सुई पलीकडून बाहेर आली आणि सगळं पाणी माझ्या साडीवर. मुकादमानं मान वळवून माझ्याकडे बघितलं, जसा तो मोटर दुरुस्त करताना यांच्याकडे बघायचा, की हिला जमत नाहीये. मग जमलं. रोज सकाळी आबा त्याचं डोकं मांडीवर घ्यायचे, मी सुई टोचायची. पाणी जाईपर्यंत उठता येत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून आबांच्या शेजारी नुसतं बसायची वेळ मला कधी आली नव्हती. त्या वेळात ते इंदुरीच्या बाजाराच्या, जुन्या बैलांच्या गोष्टी सांगायचे. मी माझ्या माहेरच्या, घोरावाडीच्या सांगायचे, वडील रुळांवर कामाला होते त्या. एखादी गोष्ट अर्धी राहिली तर दुसऱ्या दिवशी पुढं.

पावसाळ्यात तो चांगला होता. वजन थोडं भरलं. एकदा बोंबील चोरला, तेव्हा मला राग यायच्या ऐवजी बरं वाटलं आणि मग त्याचाच राग आला.

शेवटचे दिवस

हा भाग मी आधी वेगळा लिहिला होता. का बदलला ते खाली कळेल.

भातकापणी सुरू झाली आणि त्याचं खाणं सुटलं. गोळ्या वाढवल्या, पुन्हा दवाखान्यात सलाईन दिलं, फरक पडेना. तोंडात आतून व्रण आले. उभा राहिला की मागचे पाय लटपटायचे. ऋतुजा व्हिडिओवर रोज नवीन काहीतरी सांगायची, कुठं डायलिसिस होतं, कुठं काही जडीबुटी मिळते. हे म्हणायचे, अजून थोडं बघू. डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "आता हे बरं वाटणं राहिलेलं नाही. तुम्ही म्हणाल तेव्हा मी घरी येईन. घाई करत नाही, पण फार ताणू नका."

घरात यावर कुणीच बोलेना. आबांपुढं तर विषयच नको. ते एकदाच म्हणाले होते, "आपल्या हातानं? घरच्या जित्राबाला?" आणि उठून गेले होते.

नवा तांदूळ घरात आला. मी त्याची पहिली भाकरी केली. आबा बसले, चतकोर मोडली, डावीकडे धरली. मुकादम कसाबसा उठून आला. त्यानं ती तोंडात घेतली. चावली नाही. तशीच धरून उभा राहिला, आबांकडे बघत. मग मान खाली करून ती आबांच्या पायाशी ठेवली आणि तिथंच शेजारी बसला.

आबांनी ती भाकरी उचलली, झटकली, स्वतःच्या ताटात ठेवली. मग म्हणाले, "डॉक्टरीनबाईला बोलीव."

मी म्हटलं, "आबा, नक्की?"

"त्यानं मान ठेवला माजा. खायाचं न्हाई तरी घेतलं. आता आपुन त्याचा ठेवायचा. बोलीव."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. खानावळ बंद ठेवली. ऋतुजा पहिल्या गाडीनं आली. पडवीत उन्हाचा तुकडा होता तिथं त्याला गोधडीवर ठेवलं. त्यांनी आधी सगळं समजावून सांगितलं, आणि तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही आधी विचारून घ्या, म्हणजे नंतर दचकायला होत नाही. आधी एक गुंगीचं इंजेक्शन. त्यानं तो गाढ झोपला, घोरायलाही लागला. मग पुढच्या पायाच्या शिरेत सुई लावून भुलीचं औषध भरपूर मात्रेत. हृदय थांबतं. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. लघवी होते. थांबल्यावरही एखादा श्वास आल्यासारखा होतो, तो श्वास नसतो. हे सगळं त्यांनी सांगितलं तसंच झालं. डोकं आबांच्या मांडीवर होतं. डॉक्टरीणबाईंनी नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. फार लवकर झालं. इतके महिने चाललेलं इतक्या लवकर संपलं याचाच मला राग आला, कुणाचा ते माहीत नाही.

यांनी बांधाच्या वरच्या अंगाला खड्डा खणला. मुरूम लागला, पहार वाकली. खड्डा उथळ ठेवू नका, कोल्ही आणि मोकाट कुत्री उकरतात. कमरेइतका केला, आबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून ठेवला, माती दाबून वर जड दगड रचले. तिथून खानावळ सरळ दिसते.

पोस्ट वाचून दाखवली

ही पोस्ट टाकायच्या आधी आज मी आबांना मागच्या पडवीत बसून वाचून दाखवली. आधीच्या मजकुरात मी लिहिलं होतं, "आम्ही सर्वांनी मिळून निर्णय घेतला." आबांचं नाव घातलं नव्हतं. मुलीच्या पोस्टवर इतकं बोलले आणि मीही तेच केलं, झाकून ठेवलं. मला वाटलं, पारावर आधीच बोलतायत, आणखी कशाला त्यांच्या हातात द्यायचं.

आबांनी सगळं ऐकलं. चोऱ्यांच्या भागाला हसले. मोदकांवर म्हणाले, "दोन मोदक मी खाल्लं व्हतं. बाकीचं त्यानं."

मग म्हणाले, "ते 'समद्यांनी मिळून' काढून टाक. समदी कुटं बोलली? मी म्हनलो. माजं नाव लिव. कशानं म्हनलो ते बी लिव, भाकरीचं. मंजी वाचतील त्यास्नी कळंल."

"पारावरचे बोलतील आबा."

"बोलू दे की. ते कुटं त्याची लाळ पुसाया आलं व्हतं?"

मी तिथंच बसून बदललं. आबा उठले, टोपी घातली आणि पुढं खानावळीत येऊन आपल्या जागेवर बसले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. मी ताट वाढलं, समोर माझंही घेतलं, कारण दोन वाजून गेले होते आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं.

त्यांनी भाकरीची चतकोर मोडली आणि हात सवयीनं डावीकडे नेला. तिथं कुणी नव्हतं. हात तसाच राहिला. मी मान खाली घालून कालवणात बघत बसले, मला ते बघवेना.

मग त्यांनी हात वळवला आणि ती भाकरी माझ्या ताटात ठेवली.

"खा," म्हणाले. "लय भांडलीस त्याच्यापायी."

बाहेर चार गिऱ्हाइकं ताटाची वाट बघत होती आणि त्यातलं एक घड्याळ दाखवत होतं. मी त्याला थांबायला सांगितलं आणि आधी ती भाकरी खाल्ली.